पुस्तकाच्या नावातूनच कप्पा सापडतो तेव्हा

दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधायचं असेल आणि यादी कुठल्याच क्रमाने लावलेली नसेल, तर संगणकालाही पहिल्यापासून एकेक नाव तपासत जावं लागतं. नाव यादीत असलं, तर सरासरी पाच लाख नावं तपासून होतात. नसलंच, तर सगळी दहा लाख. हॅश टेबलमध्ये मात्र हेच काम बहुतेक वेळा एक-दोन तपासण्यांत होतं. ते कसं, हे समजायला एक ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. त्यात ० ते ९ असे आकडे लावलेले दहा कप्पे आहेत आणि कोणतं पुस्तक कुठे ठेवायचं, हे ग्रंथपाल स्वतःच्या मर्जीने ठरवत नाही. तो कप्पा पुस्तकाच्या नावातूनच काढतो.

संगणकात प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला युनिकोडचा एक ठरलेला क्रमांक असतो. ‘क’चा २३२५, कान्याचा २३६६. नावातले सगळे क्रमांक मिळवायचे, बेरजेला दहाने भागायचं आणि उरलेली बाकी हाच कप्पा. ‘कोसला’ची बेरीज ११७८४ होते, म्हणून कप्पा ४. ‘ययाति’ची ११७७५, म्हणून कप्पा ५. पायथनमध्ये हा नियम इतकाच:

```python
def kappa(naav):
    return sum(ord(c) for c in naav) % 10

print(kappa("कोसला"))   # 4
```

नावावरून आकडा काढणाऱ्या अशा नियमाला हॅश फंक्शन म्हणतात. पुस्तक ठेवताना जो नियम लावला, तोच शोधताना लावायचा. वाचकाने ‘कोसला’ मागितली की ग्रंथपाल पुन्हा बेरीज करतो आणि थेट चौथ्या कप्प्यापाशी जातो. संगणकालाही असं थेट जाता येतं, कारण मेमरीतले कप्पे सारख्या आकाराचे आणि एकाला एक लागून असतात. पहिल्या कप्प्याच्या पत्त्यात ‘कप्प्याचा क्रमांक गुणिले कप्प्याचा आकार’ मिळवला की हवा तो पत्ता हाती येतो. कप्पे दहा असोत की दहा लाख, हे गणित तेवढंच राहतं. पुस्तक नसेल तेव्हाचं उत्तरही तितकंच झटपट मिळतं. ‘मृत्युंजय’ची बेरीज २११५१, कप्पा १. तो रिकामा दिसला की पुस्तक ग्रंथालयात नाही, दुसरीकडे बघायची गरजच नाही.

आता ‘झोंबी’ येते. तिची बेरीज ११७३४, म्हणजे पुन्हा कप्पा ४, आणि तिथे ‘कोसला’ आधीच बसलेली आहे. यालाच कोलिजन म्हणतात. नावं अगणित आणि कप्पे मोजके असल्यामुळे ते कधी ना कधी होणारच. यावर सरळ उपाय म्हणजे दोन्ही पुस्तकं एकाच कप्प्यात ठेवायची आणि शोधताना तिथे पूर्ण नाव वाचून खात्री करायची. जावाचा `HashMap` असंच करतो. पायथनची डिक्शनरी दुसरी वाट धरते: कप्पा भरलेला असेल, तर ठरलेल्या नियमाने पुढचा कप्पा बघते. पद्धत कोणतीही असो, नाव ताडून पाहणं चुकत नाही. कप्प्याचा क्रमांक फक्त कुठे बघायचं ते सांगतो.

खरी अडचण गर्दी वाढली की सुरू होते. दहाच कप्प्यांत हजार पुस्तकं भरली, तर एकेका कप्प्यात सरासरी शंभर होतील आणि पुन्हा एकेक नाव वाचत बसावं लागेल. म्हणून टेबल पूर्ण भरायची वाट न पाहता कप्पे वाढवले जातात. जावामध्ये सुरुवातीला १६ कप्पे असतात आणि तेरावी नोंद आली की ते ३२ होतात. अशा वेळी प्रत्येक पुस्तकाची जागा नव्याने काढावी लागते, कारण भाजक बदललेला असतो. आपल्याकडे दहाचे वीस कप्पे केले, तर ‘कोसला’ चौथ्यातच राहते आणि ‘झोंबी’ चौदाव्यात जाते. ही हलवाहलव महाग असते, पण ती क्वचितच होत असल्यामुळे एकूण खर्च नोंदींमध्ये वाटला जाऊन किरकोळ ठरतो.

नियमच कच्चा असेल, तर मात्र कप्पे वाढवूनही भागत नाही. आपल्या बेरजेत अक्षरांचा क्रम हरवतो. ‘राम’ आणि ‘मार’ यांची बेरीज एकच, तेव्हा कप्पे कितीही करा, ती दोन्ही एकाच कप्प्यात जाणार. म्हणूनच जावा प्रत्येक पुढचं अक्षर मिळवण्याआधी तोवरच्या बेरजेला ३१ने गुणते, म्हणजे अक्षरांची जागा बदलली की उत्तरही बदलतं. चांगल्या हॅश फंक्शनकडून हीच अपेक्षा असते, की मिळतीजुळती नावंसुद्धा दूरदूर विखुरली जावीत. सगळी नावं एकाच कप्प्यात कोंबली गेली, तर हॅश टेबल साध्या यादीइतकंच संथ होऊन बसतं.

या विखुरण्याची किंमतही आहे. ‘क’पासून सुरू होणारी सगळी पुस्तकं द्या, असं म्हटलं तर कप्पे काहीच मदत करत नाहीत, कारण शेजारशेजारची नावं भलतीकडे जाऊन बसलेली असतात. तिथे क्रमाने लावलेली यादीच बरी. शिवाय एकदा कप्प्यात ठेवलेल्या पुस्तकाचं नाव मागाहून बदललं, तर नव्या नावाचं गणित दुसऱ्याच कप्प्याकडे बोट दाखवेल आणि जुन्या कप्प्यातलं पुस्तक जागेवर असूनही सापडणार नाही. म्हणून पायथनमध्ये बदलता येणारी लिस्ट डिक्शनरीची की म्हणून दिली, की `unhashable type: 'list'` असा एरर येतो. अशा वेळी लिस्टच्या जागी टपल वापरा. त्यातल्या वस्तूही न बदलणाऱ्या असतील, तर काम होतं.