पहाटे पोहोचणाऱ्याचं हॉटेलला पत्र

मुंबईहून सिंगापूरला जाणारं रात्रीचं विमान साधारण साडेअकराच्या सुमारास सुटतं. प्रवास साडेपाच तासांच्या आसपासचा, त्यात सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे शरीराला पहाटेचे पाच वाटत असतात तेव्हा चांगी विमानतळावर सकाळचे साडेसात वाजलेले असतात. जेवणाचे ट्रे, दिवे आणि घोषणा यांतून डोळ्याला डोळा लागलेला नसतो. आणि हॉटेलच्या बुकिंगवर लिहिलेलं असतं: चेक-इन दुपारी तीन.

मधले सात-आठ तास कसे जाणार हे बरंचसं एका छोट्या ई-मेलवर ठरतं. बहुतेक प्रवासी तो पाठवतातही. 'आम्ही लवकर येत आहोत, कृपया अर्ली चेक-इन द्यावं' एवढं एका ओळीत लिहितात आणि उत्तर येतं, 'आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे, उपलब्धतेनुसार प्रयत्न करू.' या उत्तराने कुठलीही खोली कुणासाठी राखली जात नाही. असं का होतं हे कळण्यासाठी सकाळी साडेसातला हॉटेलात काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

समजा, शंभर खोल्यांचं हॉटेल आहे आणि काल रात्री ९४ खोल्या भरल्या होत्या. सकाळी साडेसातला त्या ९४ पैकी बहुतेक खोल्यांत पाहुणे झोपलेले किंवा नाश्त्याला गेलेले असतात. त्यांना अकरा-बारापर्यंत खोली ठेवायचा हक्क आहे. पहाटेच्या विमानाने गेलेल्यांच्या चार-दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण चादरी बदललेल्या नाहीत, बाथरूम धुतलेलं नाही, आणि हाऊसकीपिंगची सकाळची पाळी आत्ता कुठे सुरू होते आहे. एक खोली नीट तयार व्हायला अर्धा तास सहज जातो, मग सुपरवायझर तपासतो, आणि त्यानंतरच फ्रंट ऑफिसच्या पडद्यावर ती खोली देण्याजोगी दिसते. म्हणजे त्या घडीला खरोखर देता येतील अशा खोल्या फक्त सहा: काल रात्री ज्यांत कुणीच राहिलं नाही त्या. त्यांतल्याही काही दुसऱ्या प्रकारच्या, महाग असणार. हॉटेलच्या नियमित पाहुण्यांनीही लवकर येण्याचं कळवलेलं असणार.

म्हणून हॉटेलवाल्याला तुमच्या थकव्याचं वर्णन नको असतं. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: तुम्ही नेमके कुठल्या तारखेला आणि किती वाजता काउंटरसमोर उभे राहणार, कुठल्या प्रकारची खोली तुम्हाला चालेल, आणि हमी हवी असल्यास तुम्ही पैसे द्यायला तयार आहात का.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. दिवाळीनंतर सत्तरीतलं एक जोडपं चार रात्रींसाठी सिंगापूरला निघालं आहे. विमान गुरुवारी १२ नोव्हेंबर २०२६ ला रात्री साडेअकराला सुटतं, शुक्रवारी १३ तारखेला सकाळी साडेसातला उतरतं. पहिली चूक इथेच होते. पत्रात 'आमचं १२ तारखेचं विमान आहे' असं लिहिलं की वाचणारा १२ तारखेची पाहुण्यांची यादी उघडतो. मुंबईहून मध्यरात्रीनंतर, म्हणजे रात्री दोनला वगैरे सुटणाऱ्या विमानांत गोंधळ उलटा होतो: आपण घरातून निघतो आदल्या संध्याकाळी, तिकिटावर असते दुसऱ्या दिवसाची तारीख. म्हणून सुटण्याची आणि उतरण्याची तारीख वेगवेगळी, वारासकट आणि महिना अक्षरात लिहून द्यावी. नुसते आकडे लिहिले तर काही देशांत ५/६ म्हणजे पाच जून, तर काही ठिकाणी सहा मे.

दुसरी चूक उतरण्याची वेळ हीच पोहोचण्याची वेळ म्हणून लिहिण्याची. साडेसात ही विमान उतरण्याची वेळ. त्यानंतर दार उघडून बाहेर पडणं, इमिग्रेशन, पट्ट्यावरून सामान घेणं यात चांगीसारख्या वेगवान विमानतळावरही पाऊण ते एक तास धरावा. पुढे टॅक्सीची रांग आणि सकाळच्या ऑफिसच्या गर्दीतून शहरात जायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर सव्वानऊ. हा फरक किरकोळ नाही. साडेसातला फक्त कालच्या रिकाम्या खोल्या असतात. सव्वानऊपर्यंत पहाटे गेलेल्यांच्या पहिल्या दोन-तीन खोल्या धुऊन-पुसून तयार होऊ शकतात, आणि तुमचं नाव आधी लिहून ठेवलेलं असेल तर हाऊसकीपिंगला 'ही खोली आधी घ्या' असं सांगता येतं. खरी वेळ दिल्याने मागणं सोपं होतं.

विमानाचा क्रमांक का द्यायचा? कारण त्यावरून हॉटेल विमान कुठे आहे ते स्वतः पाहू शकतं. सव्वानऊला येणारा पाहुणा साडेदहापर्यंत आला नाही, तर तयार खोली दुसऱ्याला द्यावी का हा प्रश्न काउंटरवरच्या माणसाला पडतो. विमान दोन तास उशिरा उतरल्याचं दिसलं, तर खोली थांबवून ठेवायला त्याच्याकडे कारण असतं. तिकिटावर दोन कंपन्यांचे क्रमांक असतील, तर प्रत्यक्ष उडणाऱ्या कंपनीचा क्रमांक द्यावा.

पत्र अर्थातच इंग्रजीत जाईल. त्यातला मजकूर मराठीत असा:

विषय: अर्ली चेक-इनची विनंती, शुक्रवार १३ नोव्हेंबर २०२६, (बुकिंग क्रमांक, आडनाव)

नमस्कार,
१३ ते १७ नोव्हेंबर २०२६ या चार रात्रींसाठी आमचं आपल्याकडे बुकिंग आहे. (पासपोर्टवरचं पूर्ण नाव, दोन प्रौढ.)
आम्ही गुरुवार १२ नोव्हेंबरला २३:३० वाजता मुंबईहून निघून शुक्रवार १३ नोव्हेंबरला सकाळी ०७:३० वाजता चांगीला उतरू. (विमानाचा क्रमांक.) हॉटेलमध्ये अंदाजे ०९:१५ ला पोहोचू.
आम्ही दोघंही सत्तरीचे आहोत आणि रात्रभर प्रवास करून येत आहोत. शक्य असल्यास पोहोचल्यावर खोली मिळावी. आमच्या प्रकारातली, एक मोठा पलंग किंवा दोन वेगळे पलंग असलेली, कुठल्याही मजल्यावरची जी खोली आधी तयार होईल ती चालेल.
सकाळी दहापर्यंत खोलीची हमी शुल्क घेऊन देता येत असेल, तर करांसह एकूण रक्कम कळवावी. ते शक्य नसल्यास सामान ठेवण्याची आणि आंघोळीची सोय आहे का, तेही कळवावं.
(फोन क्रमांक)

यातलं 'जी खोली आधी तयार होईल ती चालेल' हे वाक्य सगळ्यात कामाचं आहे. उंच मजला, शांत बाजू आणि दोन पलंग अशा अटी घातल्या की त्या सहा खोल्यांतल्या पाच बाद होतात. पहाटे पोहोचणाऱ्याने ज्या अटी सोडता येतील त्या सोडाव्यात. 'करांसह एकूण' हेही जाणून लिहिलेलं आहे. सिंगापूरमध्ये दरापुढे ++ अशी खूण दिसते. त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा. शंभर डॉलर सांगितले, तर हातात बिल येतं ११९ डॉलर ९० सेंटचं.

हॉटेलच्या उत्तरातही नीट पाहावं. 'उपलब्धतेनुसार' म्हणजे विनंती नोंदली, खोली राखलेली नाही. 'हमी' हा शब्द, ठरावीक वेळ आणि रक्कम तिन्ही लिहिलेली असतील तरच खोली पक्की समजावी. बुकिंग एखाद्या संकेतस्थळावरून केलं असेल, तर तिथल्या विशेष विनंतीच्या चौकटीतही हे लिहावं, पण तेवढ्यावर थांबू नये. ती चौकट फक्त विनंती पुढे पोहोचवते. हॉटेलचा स्वतःचा बुकिंग क्रमांक मागून घेऊन थेट त्यांना लिहावं.

काही हॉटेलं हमीसाठी आदल्या रात्रीचं भाडं मागतात. वयस्कर माणसं असतील, कुणी आजारी असेल, किंवा पहाटे पाचला पोहोचणार असाल, तर मला ते पैसे रास्त वाटतात. कारण ती खोली खरोखर रात्रभर रिकामी ठेवावी लागते. पण इथेच एक मोठा धोका असतो. तुम्ही १२ तारखेपासून बुकिंग केलं आणि १२ च्या रात्री आला नाहीत, तर हॉटेलच्या हिशेबात तुम्ही न आलेले पाहुणे ठरता. रात्रपाळीतला कर्मचारी मध्यरात्रीनंतर कधीतरी दिवसाचा हिशेब बंद करतो. हॉटेलची तारीख बदलते ती तेव्हा. त्या वेळी 'नो-शो' अशी खूण पडली तर काही ठिकाणी पुढच्या चारही रात्री रद्द होतात, आणि सकाळी भाडं भरूनही खोली मिळत नाही. म्हणून आदली रात्र घेतली असेल, तर पत्रात ठळकपणे लिहावं: 'आम्ही १२ तारखेच्या रात्रीचं भाडं देत आहोत, पण प्रत्यक्ष १३ तारखेला सकाळी ०९:१५ ला पोहोचू. कृपया नो-शो करू नये.' याचं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय निघू नये.

पत्र कधी पाठवायचं? महिनाभर आधी पाठवलं, तर हॉटेलला त्या रात्री किती खोल्या भरतील हेच माहीत नसतं. चार दिवस आधी हे पहिलं पत्र, आणि निघण्याच्या दिवशी संध्याकाळी एक फोन किंवा दोन ओळी. ही दुसरी वेळ जास्त महत्त्वाची, आणि तीच बहुतेक जण चुकवतात. मुंबईत साडेपाच वाजलेले असताना सिंगापूरला रात्रीचे आठ वाजलेले असतात. आज रात्री किती खोल्या रिकाम्या राहणार हे तोवर बऱ्यापैकी दिसू लागलेलं असतं. त्याच वेळी 'उद्या सकाळी सव्वानऊला येणारं जोडपं आम्हीच, रिकामी राहणारी एखादी खोली आमच्या नावाला लावता येईल का आणि सकाळच्या पाळीसाठी तशी नोंद कराल का' असं विचारावं. सिंगापूरला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फॉर्म्युला वन शर्यतीच्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात. तेव्हा विनंतीवर विसंबू नये, आदली रात्रच घ्यावी किंवा दुपारी पोहोचणारं विमान शोधावं.

आणि उत्तर 'नाही' आलं तरी पत्र वाया जात नाही. सामान कुठे ठेवायचं, आंघोळ कुठे करायची हे आधीच कळलेलं असतं. अनेक हॉटेलांत तरणतलावाजवळ शॉवर असतो, तो विचारला तर वापरू देतात. अशा वेळी औषधं, एक कपड्यांचा जोड आणि चार्जर मोठ्या बॅगेत ठेवू नये, कारण ती बॅग सामानाच्या खोलीत जाते आणि तिची पावती हाती येते. काउंटरवर नोंदणीचे सोपस्कार मात्र तेव्हाच उरकून घ्यावेत. पासपोर्ट दाखवून, डिपॉझिट भरून, सिंगापूरमध्ये चालणारा फोन क्रमांक द्यावा आणि सांगावं की खोली तयार झाली की या क्रमांकावर कळवा. म्हणजे साडेअकराला एखादी खोली तयार झाली, तर ती घेण्यासाठी तीनपर्यंत थांबावं लागत नाही.