‘रटाळ’ आणि ‘कंटाळवाणा’ यांच्यात अंतर किती?

चित्रपटाचं परीक्षण वाचून लिहिणाऱ्याला तो आवडला की नाही, हे संगणकाने सांगायचं आहे. त्याला शिकवण्यासाठी माणसांनी काही शे परीक्षणं वाचली आणि प्रत्येकावर ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ असा शिक्का मारला. त्यांत ‘कंटाळवाणा’ हा शब्द बऱ्याचदा आला, ‘रटाळ’ मात्र एकदाही नाही. मग एक नवं परीक्षण आलं: ‘उत्तरार्ध अगदी रटाळ.’ हे वाचून संगणकाला काय कळेल?

ते शब्द त्याच्यापुढे कोणत्या रूपात ठेवले आहेत, यावर सगळं अवलंबून आहे. संगणकाला आकडे लागतात. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शब्दांची यादी करून प्रत्येकाला हजेरीपटावर असतो तसा एक क्रमांक द्यायचा. पण ४५२० क्रमांकाचा शब्द २२६० क्रमांकाच्या दुप्पट आहे असा भलताच अर्थ निघू नये, म्हणून तो क्रमांक तसाच न देता आकड्यांच्या रांगेत मांडतात. यादीत एक लाख शब्द असतील तर रांगही एक लाख आकड्यांची. शब्दाच्या जागेवर १, उरलेल्या ९९,९९९ जागांवर शून्य. या मांडणीला ‘वन-हॉट’ म्हणतात.

रांग लांबलचक होते, ही तक्रार फारशी गंभीर नाही. इतकी शून्यं साठवायच्या युक्त्या आहेत. खरी अडचण वेगळी आहे. अशा कोणत्याही दोन रांगा घ्या, त्यांच्यातलं अंतर नेमकं तेवढंच निघतं: दोनचं वर्गमूळ, म्हणजे १.४१. ‘रटाळ’ आणि ‘कंटाळवाणा’ यांच्यात १.४१, ‘रटाळ’ आणि ‘रिक्षा’ यांच्यातही १.४१. शिकताना संगणकाने ‘कंटाळवाणा’च्या जागेला ‘नावडीचा’ असा भार दिला. ‘रटाळ’ची जागा कोरीच राहिली, कारण एका शब्दाबद्दल शिकलेलं दुसऱ्याकडे जायला वाटच नाही. मराठीत तर ‘कंटाळवाणा’, ‘कंटाळवाणी’, ‘कंटाळवाणं’ आणि ‘कंटाळवाण्या’ हेसुद्धा चार परके शब्द ठरतात. आपल्या भाषेला ही मांडणी इंग्रजीपेक्षा महाग पडते ती इथे.

यातून वाट काढणारी कल्पना संगणकशास्त्रातली नाही, भाषाशास्त्रातली आहे. अमेरिकेत झेलिग हॅरिस यांनी १९५४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये साधारण एकच गोष्ट मांडली: शब्द कोणाच्या संगतीत वावरतो त्यावरून त्याची ओळख पटते. (हे फर्थ त्याआधी लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते.) शब्दाचा अर्थ शब्दकोशातून न आणता, भरपूर मजकूर घेऊन त्याच्या आसपासचे शब्द मोजायचे. या मजकुरावर कोणी शिक्के मारलेले नसतात, त्यामुळे तो हवा तितका मिळतो. इथला फायदा मुळात हाच आहे.

मोजून पाहू. पुढचे आकडे समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत. समजा, प्रत्येक शब्दाच्या मागेपुढे पाच-पाच शब्दांपर्यंत पाहिलं आणि ‘कथानक’, ‘संवाद’, ‘झोप’, ‘उत्कंठा’, ‘भाडं’ हे पाच शेजारी किती वेळा दिसले ते या क्रमाने लिहिलं. ‘रटाळ’ची रांग आली ६, ८, ५, ०, ०. ‘कंटाळवाणा’ची ८, ६, ५, ०, ०. ‘रिक्षा’ची ०, ०, २, ०, ११, कारण रिक्षात कुणीतरी झोप काढतंच.

दोन रांगा किती सारख्या, हे पाहायला समोरासमोरचे आकडे गुणून बेरीज करतात आणि त्या बेरजेला दोन्ही रांगांच्या लांबीने भागतात. याला कोसाइन म्हणतात. मोजण्या उणे नसल्यामुळे इथे उत्तर ० ते १ मध्ये येतं. ‘रटाळ’ आणि ‘कंटाळवाणा’: ४८ अधिक ४८ अधिक २५, म्हणजे १२१. रांगेची लांबी म्हणजे तिच्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. इथे ती बेरीज प्रत्येक रांगेत १२५ येते, म्हणून भागायचं १२५ नेच. उत्तर ०.९७. ‘रटाळ’ आणि ‘रिक्षा’: १० भागिले १२५, म्हणजे ०.०८. वन-हॉटमध्ये हे दोन्ही आकडे शून्य आले असते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. ‘सोबत येणारे शब्द अर्थाने जवळचे’ असा याचा अर्थ नाही. ‘रटाळ’ आणि ‘कंटाळवाणा’ एका वाक्यात क्वचितच भेटतात. लिहिणारा दोहोंपैकी एक निवडतो. ते जवळ आले ते दोघांचे शेजारी सारखे आहेत म्हणून. उलट ‘रटाळ’ आणि ‘संवाद’ सतत शेजारी असूनही त्यांचा अर्थ एक नाही.

नुसत्या मोजणीत ‘आहे’, ‘आणि’, ‘हा’ असे शब्द मात्र धुमाकूळ घालतात, कारण ते सगळ्यांचेच शेजारी असतात. म्हणून किती वेळा सोबत आले यापेक्षा, योगायोगाने आले असते त्याच्या किती पट आले, हे पाहतात. समजा, एकूण दहा लाख जोड्या मोजल्या. त्यांतल्या एक हजारांत ‘रटाळ’ आहे आणि पन्नास हजारांत शेजारी ‘आहे’ आहे. दोघांचा काही संबंध नसता तरी ते ५० वेळा सोबत दिसले असते. प्रत्यक्षात दिसले ६० वेळा, म्हणजे जेमतेम १.२ पट. ‘जांभई’ फक्त २०० जोड्यांत आहे. योगायोगाने ती ‘रटाळ’जवळ ०.२ वेळा यावी, आणि आली ८ वेळा. हे ४० पट झालं. आठच्या आकड्यात साठपेक्षा जास्त माहिती आहे.

असा तक्ता एक लाख शब्दांसाठी केला तर तो एक लाख गुणिले एक लाख होतो, आणि बहुतेक घरं रिकामी राहतात. तो दाबून प्रत्येक शब्दाला दोन-तीनशे आकडेच ठेवले, की ज्याला ‘वर्ड एम्बेडिंग’ म्हणतात ते हाती येतं. २०१३ मध्ये गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ड२व्हेक ही पद्धत मांडली. तिच्यात तक्ता बनवतच नाहीत. प्रत्येक शब्दाला आधी यदृच्छेने आकडे देतात आणि मजकूर वाचत जातात. खरा शेजारी दिसला की दोघांच्या रांगांचा गुणाकार थोडा वाढेल असे आकडे हलवतात. सोबत चार-दोन शब्द चिठ्ठी काढल्यासारखे उचलून त्यांच्याशी तो थोडा कमी करतात. सारखे शेजारी असलेले शब्द असे एकाच दिशेने ओढले जातात. गूगलने बातम्यांच्या सुमारे १०० अब्ज शब्दांवरून तयार केलेला संच तेव्हा खुला केला. त्यात ३० लाख शब्द आणि शब्दसमूह होते, प्रत्येकाला ३०० आकडे. पुढच्याच वर्षी ओमेर लेव्ही आणि योआव गोल्डबर्ग यांनी गणिताने दाखवलं, की या पद्धतीच्या पोटात वर सांगितलेला ‘योगायोगाच्या किती पट’ हाच तक्ता दाबला जात असतो.

आता परीक्षणांकडे परत येऊ, कारण एक नाजूक प्रश्न राहिला आहे. ‘रंजक’चे शेजारी कोण? तेच, कथानक आणि संवाद. समजा, त्याची रांग ८, ६, ०, ५, ० अशी आली. ‘रटाळ’शी त्याचं कोसाइन ९६ भागिले १२५, म्हणजे ०.७७. आवडल्याचं आणि न आवडल्याचं सांगणारे शब्द एकमेकांना इतके जवळचे! हा माझ्या आकड्यांचा खेळ नाही. खऱ्या संचातही ‘चांगला’ आणि ‘वाईट’ असे विरुद्धार्थी शब्द एकमेकांचे निकटचे शेजारी निघतात, कारण दोघेही एकाच वाक्यात एकाच जागी बसतात. शेजारावरून विषय कळतो, तो शब्द कोणत्या जागी चालतो हे कळतं. पसंती-नापसंती त्यामानाने फार अंधुक कळते.

मग तो शिक्का ओळखणारा संगणक फसतो का? बहुतेक वेळा नाही, आणि का नाही ते आपल्या पाच आकड्यांत दिसतं. ‘कंटाळवाणा’ नावडीचा, ‘रंजक’ आवडीचा, एवढं त्याला शिक्क्यांवरून समजलं. दोन्ही रांगांत पहिले दोन आकडे सारखेच, ते निरुपयोगी. फरक फक्त ‘झोप’ आणि ‘उत्कंठा’ यांच्या रकान्यांत. म्हणून तो ‘झोप’ला उणे भार देतो आणि ‘उत्कंठा’ला अधिक. कधीच न पाहिलेला ‘रटाळ’ ‘झोप’च्या रकान्यात ५ घेऊन येतो आणि बरोबर नावडीत पडतो. खऱ्या ३०० आकड्यांना अशी नावं नसतात, फरकही इतका स्वच्छ नसतो, पण काम असंच चालतं. शिक्के मारलेली परीक्षणं काही शेच असतात तेव्हा हा लाभ मोठा असतो. ती लाखांनी असतील तर ‘रटाळ’ही त्यांत भरपूर वेळा आलेला असतो, आणि मग जुनी वन-हॉट मांडणीही फार मागे पडत नाही.

मराठीच्या विभक्ती आणि रूपं यांचं काय? फेसबुकच्या संशोधकांनी फास्टटेक्स्ट या पद्धतीत शब्दाचे तीन ते सहा अक्षरचिन्हांचे तुकडे करून तुकड्यांनाही आकडे दिले. २०१८ मध्ये त्यांनी १५७ भाषांचे संच प्रसिद्ध केले, त्यांत मराठी आहे. ‘कंटाळवाणी’ आणि ‘कंटाळवाण्या’ यांचे बरेच तुकडे समान असल्याने त्या जवळ येतात, आणि कधी न पाहिलेल्या रूपालाही रांग मिळते. मात्र तुकड्यांना अर्थ कळत नाही. काना हे स्वतंत्र चिन्ह धरलं जात असल्याने ‘रटाळ’च्या तीन चिन्हांच्या तुकड्यांत ‘रटा’ आणि ‘टाळ’ येतात. यातला ‘टाळ’ हा तुकडा ‘कंटाळवाणा’तही आहे, आणि वारकऱ्याच्या हातातल्या टाळातही. शब्द मजकुरात भरपूर आला असेल तर त्याचे खरे शेजारी ही चूक सावरतात; दुर्मीळ शब्दाला तुकड्यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून कोणताही संच वापरण्याआधी आपल्या कामाच्या दहा-वीस शब्दांचे सर्वांत जवळचे शब्द काढून डोळ्यांनी पाहावेत. तिथे एकाच शब्दाची रूपं किंवा नुसते दिसायला सारखे शब्द भरलेले दिसले, तर अर्थाऐवजी स्पेलिंग जुळतंय असं समजावं.

एकाच शब्दाचे दोन अर्थ असले तर त्यांनाही एकच रांग मिळते: ‘मान दिला’ आणि ‘मान दुखली’ यांतला ‘मान’ दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या मध्येच कुठेतरी अडकतो. २०१८ च्या बर्टसारख्या पद्धती वाक्यागणिक नवी रांग काढतात, पण त्यांचीही पहिली पायरी अजून असाच एक तक्ता असते. वन-हॉटचा तो जुना क्रमांक तिथे कोणती ओळ उचलायची एवढंच सांगतो.

परीक्षणांचं काम करणाऱ्याला शेवटी एक निर्णय घ्यावा लागतो: शिक्के शिकवताना शब्दांचे आकडे हलू द्यायचे की गोठवायचे? हलू दिले तर ‘कंटाळवाणा’ आणि ‘रंजक’ एकमेकांपासून दूर जातात, ते हवंच असतं. पण जे शब्द शिक्क्याच्या परीक्षणांत आले तेवढेच हलतात. ‘रटाळ’ जुन्या जागी राहतो, ‘कंटाळवाणा’ त्याला सोडून निघून जातो, आणि उसनवारीची वाटच तुटते. परीक्षणं काही शेच असतील तर तक्ता गोठवलेला बरा.