रोज दोनशे क्यूब

रेषीय प्रायोजनाची ‘सिम्प्लेक्स’ पद्धत जॉर्ज डॅन्झिग यांनी 1947 मध्ये शोधली. पुढे वजन कमी करायचे ठरले, तेव्हा त्यांनी स्वतःचा आहारही त्याच गणिताने आखायला घेतला. उष्मांक कमी, पोषण पुरेसे आणि पोट जास्तीत जास्त भरलेले वाटावे, अशी अट होती. एका फेरीत संगणकाने सुचवले, की रोज रश्शाचे दोनशे क्यूब खा. डॅन्झिगनी त्यांतले चार क्यूब कपभर गरम पाण्यात विरघळवून पाहिले, तर ते निव्वळ मिठाचे पाणी निघाले!

गणित चुकले नव्हते. त्याने समप्रमाण गृहीत धरले होते: एका क्यूबने जे होते, त्याच्या दोनशेपट दोनशे क्यूबांनी होईल. हे गृहीतक थोड्या टप्प्यापुरतेच खरे असते. म्हणून उत्तरातला एखादा आकडा नेहमीच्या वापरापलीकडे गेलेला दिसला, की आधी तिथे शंका घ्यावी. डॅन्झिगनी क्यूबांवर रोज तीनची कमाल मर्यादा घातली.

दुसरे गृहीतक बेरजेचे. प्रत्येक पदार्थाचा परिणाम वेगळा मोजायचा आणि सगळे मिळवायचे. पण डाळीतले लोह लिंबाबरोबर जास्त शोषले जाते आणि जेवणासोबत चहा घेतला तर कमी. कागदावरची बेरीज तीच राहते, शरीराला मिळणारे लोह मात्र बदलते.

विभाज्यतेचा घोळ मला सगळ्यांत फसवा वाटतो, कारण तिथे उत्तर वेडेवाकडे दिसतच नाही. समजा, 11 टन माल न्यायचा आहे. मोठा ट्रक 10 टन नेतो, भाडे 9,000 रुपये. छोटा 4 टन नेतो, भाडे 4,000. टनामागे मोठाच स्वस्त, म्हणून उत्तर येते 1.1 मोठे ट्रक, खर्च 9,900 रुपये. पूर्णांक करायचा म्हणून दोन मोठे घेतले तर 18,000 लागतात. एक मोठा आणि एक छोटा घेतला तर 13,000. खरे स्वस्त उत्तर तीन छोटे ट्रक, म्हणजे 12,000 रुपये. ज्या मोठ्या ट्रकवर सगळा भर होता, तो एकही नाही. नग थोडे असतील, तेव्हा पूर्णांकाची अट सुरुवातीलाच घालावी लागते. मग गणित बरेच अवघड होते, पण त्याला इलाज नाही. शेकडो फेऱ्यांचा हिशेब असेल, तर एखादी फेरी इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही.

राहिली निश्चितता. आहाराच्या गणितात सर्वांत स्वस्त उत्तर किमान अटींपैकी काहींना अगदी काठावर टेकलेले असते. त्या घटकांचा एक कणही जास्त घेतलेला नसतो. तक्त्यातले लोहाचे प्रमाण हे सरासरी असते. बाजारातून आणलेली जुडी त्याहून थोडी कमी कसाची निघाली, तर त्या दिवशी आहार तुटीत जातो. म्हणून किमान गरजच थोडी वाढवून धरतात आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतात.