दुसऱ्याचं कुत्रं सांभाळताना

शुक्रवारी संध्याकाळी गावाला निघायचं, सोमवारी दुपारी परतायचं, तर मधल्या काळात कुत्र्याचं काय करायचं? पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. बऱ्याचदा त्याच सोसायटीतली एखादी कॉलेजातली मुलगी किंवा निवृत्त काका हे काम अंगावर घेतात. कुत्रं आपल्या घरातच राहतं, हा यातला मोठा फायदा. अडतं ते पैशांपाशी. ओळखीतलं माणूस म्हणून कुणी आकडा बोलत नाही, आणि मग दोघांच्याही मनात काहीतरी राहून जातं.

आकडा काढायचा तर आधी वेळ नीट मोजावा. ‘अर्धा तास फिरवून आण’ म्हणजे प्रत्यक्षात पाऊण तास लागतो. कुलूप उघडायचं, उड्या मारणाऱ्या कुत्र्याला शांत करायचं, हार्नेस चढवायचा, लिफ्टची वाट पाहायची. परत आल्यावर पाय पुसायचे, पाणी बदलायचं, मालकांना फोटो पाठवायचा. पैसे या पूर्ण वेळाचे असतात.

समजा, ताशी 200 रुपये ठरले. मग एका फेरीचे 150 होतात. कुटुंब शुक्रवारी पाचला निघालं, तर त्या रात्रीची एक फेरी, शनिवार-रविवारच्या तीन-तीन आणि सोमवारी सकाळची एक. बोलताना ‘दोनच दिवस’ म्हटलं तरी फेऱ्या आठ भरतात, म्हणजे 1200 रुपये. रात्री तिथेच झोपायचं असेल, तर झोपेच्या वेळेला ताशी दर लावू नये, ठरावीक रक्कम धरावी. रात्रीचे 400 धरले, तर तीन रात्रींचे आणखी 1200. एकूण 2400. जवळच्या बोर्डिंगमध्ये तेवढ्याच मुक्कामाचे किती घेतात, हे विचारून हा आकडा ताडून पाहावा. तो फारच कमी भरत असेल, तर सांभाळणाऱ्यावर अन्याय होतो आहे असं समजावं. घरात दुसरं कुत्रं असेल आणि दोघं एकत्र चालत असतील, तर दुसऱ्याचे निम्मे पुरेत; एकमेकांवर गुरगुरत असतील, तर दोन वेगळ्या फेऱ्या. निम्मे पैसे आधी द्यावेत. मालकांची गाडी रखडली आणि एक फेरी वाढली, तर तिचे पैसे आपणहून द्यावेत.

आता धोक्याचं. लोकांना भीती वाटते ती रस्त्याची, पण कुत्रं बहुतेकदा निसटतं ते घराच्या दारातून. मालक गेलेले असतात, ते त्यांना शोधत असतं आणि दार किलकिलं होताच जिन्याकडे धाव घेतं. म्हणून पट्टा लावल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि दार लागल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. घाबरलेलं कुत्रं मागे सरकतं, तेव्हा सैल कॉलर डोक्यावरून निघून येते. त्यामुळे अंगाला बसणारा हार्नेस बरा, आणि त्यातही एक साखळी कॉलरला जोडून ठेवावी.

लिफ्टमध्ये तर डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. कुत्रं आत, माणूस बाहेर आणि दारात अडकलेला पट्टा, ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. पट्टा आखूड धरायचा, दोघांनी बरोबरच आत शिरायचं, कुत्र्याला कोपऱ्यात घेऊन आपण मध्ये उभं राहायचं. लिफ्टमध्ये घाबरणारं मूल दिसलं, तर पुढच्या लिफ्टने जावं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर लिफ्टबंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या सूचनांत स्पष्ट आहे. तरी शेजाऱ्यांची भीती खरी असते, आणि ती वाद घालून जात नाही.

हे सगळं मालक घरी असतानाच करून पाहायला हवं. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून फिरवावं, दुसऱ्या दिवशी पट्टा नव्या माणसाच्या हाती देऊन मालकांनी मागे राहावं. कुत्रं पुढे चालायचं सोडून सारखं मागे वळत असेल किंवा घासाला तोंड लावत नसेल, तर आणखी काही दिवस द्यावेत.

जाण्याआधी लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचा नंबर आणि ‘इतक्या खर्चापर्यंत न विचारता उपचार करा’ असा लेखी निरोप ठेवावा. कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्र्याला लस दिलेली असली तरी. हा खर्च मालकांचा, हेही आधीच बोलून घ्यावं.

घरात कॅमेरा असेल, तर तो कुठे आहे हे सांगायलाच हवं. रात्री राहणारी मुलगी ज्या खोलीत झोपणार, तिथला बंदच करावा. सोमवारी किल्ली परत घेताना उरलेले पैसे लगेच द्यावेत आणि कुत्र्याने काय खाल्लं, शी कशी झाली, हे विचारून घ्यावं. पोट बिघडलं, तर डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.