रविवारचं मटण आणि सकाळचे पोहे

‘रविवारी मटण झालं की आठवड्याचं प्रोटीन भरून निघतं.’ साठी ओलांडलेल्या माणसांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. शाकाहारी घरात त्याची जागा रात्री झोपताना घेतलेली चमचाभर प्रोटीन पावडर घेते. दोन्हींमागचा समज एकच: प्रथिनं एकदा भरपूर घेतली की शरीर ती लागेल तशी वापरत राहतं.

चरबी शरीर साठवतं, साखरही यकृतात आणि स्नायूंत थोडीफार साठवतं. प्रथिनांना मात्र असं वेगळं कोठार नाही. त्यांचा मोठा साठा म्हणजे खुद्द स्नायू. दोन जेवणांत अंतर पडलं की हृदय, आतडी आणि इतर अवयवांना लागणारी अमिनो आम्लं शरीर स्नायू मोडून पुरवतं. जेवणानंतर ही मोडतोड भरून निघते. तरुणपणी दिवसाअखेर हिशोब साधारण बरोबरीत सुटतो. वय वाढलं की तो रोज किंचित तोट्यात जाऊ लागतो. पन्नाशीनंतर स्नायूंचं वस्तुमान दर वर्षी साधारण अर्धा ते एक टक्क्यानं घटतं आणि ताकद त्याहून वेगानं कमी होते. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात.

‘माझं वजन तर वीस वर्षं तेवढंच आहे’ ही समजूत इथेच फसवते. स्नायू घटून त्या जागी चरबी आली तर काटा हलतच नाही. त्यापेक्षा हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावं. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019च्या निकषांनुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढची तपासणी करायला हवी.

आता मूळ मुद्दा. जेवणातली प्रथिनं पचली की रक्तात अमिनो आम्लं वाढतात आणि स्नायूंची बांधणी सुरू होते. त्यांतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल ही बांधणी सुरू करायला विशेष लागतं. तरुण माणसात जेवणातल्या थोड्या प्रथिनांनीही हे काम होतं. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढं पुरत नाही, त्यांचे कान जरा जड झालेले असतात. वजनाच्या दर किलोमागे तरुणांना एका जेवणात पाव ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, वयस्करांना मात्र साधारण 0.4 ग्रॅम लागतात. या उंबरठ्याच्या आत राहिलेलं जेवण पोट भरतं, पण स्नायूंची बांधणी त्यातून पुरेशी होत नाही.

वरच्या बाजूलाही मर्यादा दिसते. अमेरिकेत टेक्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत 2009 साली तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांना एका वेळी 30 आणि 90 ग्रॅम प्रथिनं मिळतील एवढं गोमांस देऊन पाहिलं. तिप्पट खाऊनही पुढच्या काही तासांत स्नायूंची बांधणी 30 ग्रॅमपेक्षा जास्त झाली नाही. तिथल्याच 2014च्या प्रयोगात तेवढीच प्रथिनं तीन जेवणांत समान वाटली, तेव्हा चोवीस तासांतली बांधणी बहुतेक प्रथिनं रात्रीच्या भरगच्च जेवणात घेण्यापेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. प्रयोगातली माणसं मात्र आठच होती, आणि म्हातारी नव्हती.

म्हणजे जास्तीचं सगळं लघवीवाटे वाया जातं का? हाही गैरसमजच. 2023 मध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात व्यायामानंतर एकदम 100 ग्रॅम दूध-प्रथिनं दिलेल्या तरुणांमध्ये बांधणी बारा तासांहून जास्त चालू राहिली. मोठं जेवण सावकाश पचतं आणि सावकाश वापरलंही जातं. मोठ्या जेवणाला दोष देण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. पंचाईत दिवसाच्या उरलेल्या रिकाम्या जेवणांची आहे.

अडुसष्ट वर्षांच्या, 55 किलो वजनाच्या एखाद्या आजींचा दिवस मांडून पाहू. सकाळी चहा-बिस्किटं, 2 ग्रॅम. बशीभर पोहे, 5. दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि थोडा भात, सगळे मिळून 15. संध्याकाळचा चहा 2. रात्री एक भाकरी, भाजी, ताक, 9. एकूण 33 ग्रॅम. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार, म्हणजे किलोमागे 0.83 ग्रॅमनं, त्यांना 46 ग्रॅम हवेत. वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात, म्हणजे 55 ते 66.

मुलानं पावडरचा डबा आणून दिला आणि आजींनी रात्री 24 ग्रॅम प्रथिनं घेतली, तर बेरीज 57 होते. कागदावर सगळं ठीक. पण आजींचा एका जेवणाचा उंबरठा 55 गुणिले 0.4, म्हणजे 22 ग्रॅमचा. तो फक्त रात्री ओलांडला जातो. सकाळ आणि दुपार जिथे होती तिथेच राहतात, आणि त्यानंतर दुसऱ्या रात्रीपर्यंतचा लांबलचक काळ स्नायूंना पुरेसं काहीच मिळत नाही.

‘समान वाटून खा’ हा सल्लाही आंधळेपणानं पाळला तर फसतो. मूळची 33 ग्रॅम तीन ठिकाणी वाटली तर प्रत्येक जेवणात 11 येतात आणि एकही जेवण उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. 1999 साली फ्रान्समध्ये वयस्कर स्त्रियांच्या छोट्या अभ्यासात दिवसाची 80 टक्के प्रथिनं दुपारच्या जेवणात दिली, तेव्हा ती चार वेळांत वाटण्यापेक्षा शरीरात जास्त टिकली. वाटून खाण्याच्या विरोधातला हा पुरावा वाटतो खरा. पण चार तुकडे केल्यावर प्रत्येक तुकडा उंबरठ्याखाली जाण्याचा धोका असतोच. वयस्करांच्या आणखी काही प्रयोगांत, एकूण प्रमाण पुरेसं असताना वाटणीनं फरक पडला नाही. म्हणून आधी बेरीज वाढवावी, आणि ती वाढ सकाळच्या जेवणापासून सुरू करावी, असं माझं मत आहे.

आजींच्याच स्वयंपाकघरात हे जमतं. सकाळी पोह्यांऐवजी 50 ग्रॅम बेसनाची धिरडी, शेंगदाण्याची चटणी आणि ग्लासभर दूध: 21 ग्रॅम. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून 12 मिळतात. दुपारी 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दोन पोळ्या, वाटीभर दही, थोडा भात: 22. रात्री भाकरी, घट्ट वरण आणि 60 ग्रॅम पनीर: 21. चहा धरून बेरीज 65च्या वर जाते. डाळी-कडधान्यांत ल्युसिन दुधापेक्षा कमी आणि पचनही थोडं कमी, म्हणून त्यांच्या जोडीला दही-दूध असलेलं बरं. मोड आणल्यानं कडधान्यातली प्रथिनं वाढतात हाही एक लाडका समज आहे. पचन थोडं सुधारतं, पण भिजून फुगलेली वाटी पाहून कोरडं कडधान्य तेवढंच होतं असं समजू नये.

‘एवढ्या प्रथिनांनी किडनी बिघडते’ ही भीती निरोगी मूत्रपिंडांच्या बाबतीत या प्रमाणाला लागू होत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर मात्र प्रथिनं मोजून घ्यावी लागतात, आणि मर्यादा डॉक्टरच ठरवतात. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ताट बदलण्याआधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं. आणि स्नायूंवर भारच पडत नसेल तर 65 ग्रॅमही फार काही करत नाहीत. खुर्चीवरून उठबशा, रबरी पट्टा ओढणं, जिने चढणं यांनी स्नायू त्याच जेवणाला जास्त प्रतिसाद देतो, हे वयस्करांतही दिसून आलं आहे. सकाळचं फिरणं तब्येतीला चांगलंच, पण मांड्यांना तेवढं पुरत नाही.