उघडणारी लिंक

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरीच्या व्यापाऱ्याच्या मुलाने मला मोबाइल दाखवला. एका महाविद्यालयाच्या पानावर सोलापुरी चादरीबद्दल माहिती होती आणि तिच्याखाली ‘अधिक माहितीसाठी’ म्हणून त्यांच्याच दुकानाच्या जुन्या वेबसाइटची लिंक. त्याने ती दाबली, तर ऑनलाइन जुगाराचं पान उघडलं. मालक म्हणाले, “साइट तर आपण कधीच बंद केली. मग हे आलं कुठून?”

साइट बंद होती हे खरंच. पण तिच्याकडे येणाऱ्या लिंक बंद झाल्या नव्हत्या. लिंकमध्ये दुकान नसतं, मालक नसतो, असतं फक्त एक नाव. ब्राउझर ते नाव डीएनएसला विचारतो आणि आज ते ज्या सर्व्हरकडे बोट दाखवत असेल तिथे जातो. कालपर्यंत ते कोणाचं होतं, हा प्रश्न वाटेत कुठेच विचारला जात नाही. बंद केलेला मोबाइल नंबर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते आणि आपल्या नातेवाइकांचे फोन त्याला जाऊ लागतात, तसंच हे.

डोमेनचं नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. साधारण हजार-दीड हजार रुपये वर्षाला. मुदतीच्या महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावर पुन्हा एकदा, अशा सूचना रजिस्ट्रारने पाठवायच्या असतात. इथे त्या सूचना साइट बनवून दिलेल्या भाच्याच्या जुन्या ई-मेलवर जात होत्या आणि भाचा नोकरीसाठी पुण्याला गेलेला. असं मी इतक्या दुकानांत पाहिलंय की आता पहिला प्रश्न हाच विचारतो: ई-मेल कोणाचा?

मुदत संपली की नाव लगेच जात नाही. `.com` असेल तर आधी रजिस्ट्रारच्या हातातली सवलतीची मुदत असते, जास्तीत जास्त 45 दिवस. त्यानंतर 30 दिवस नाव सोडवून घेता येतं, पण दंड भरून, आणि तो नेहमीच्या दराच्या कित्येक पट. मग 5 दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर नाव सगळ्यांना खुलं होतं. खुलं होणाऱ्या नावांवर टपून बसलेल्या कंपन्या आहेत. त्यांची यंत्रं त्याच क्षणी नोंदणीसाठी धडकतात. पण चांगली नावं बहुधा तिथवर पोचतच नाहीत. अनेक रजिस्ट्रार पहिल्या मुदतीतच त्यांचा लिलाव करतात.

लिलावात बोली लावणाऱ्याला चादरीशी काही देणंघेणं नसतं. तो पाहतो की या नावाकडे कुठून कुठून लिंक येतात. कोणी कोणाला लिंक दिली यावरून पानाचं वजन ठरवायचं, ही गुगलची 1998 सालापासूनची मूळ कल्पना. महाविद्यालय, वर्तमानपत्र, वस्त्रोद्योगाची एखादी यादी यांनी वर्षानुवर्षं दिलेला विश्वास नव्या साइटला कमावता येत नाही. तो जुन्या नावाबरोबर आयता मिळतो.

आमच्या प्रकरणात नवा मालक हुशार होता. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर दुकानाच्या साइटच्या जुन्या प्रती होत्या. त्याने मुखपृष्ठ तिथून जसंच्या तसं उचलून लावलं: चादरीचे फोटो, दुकानाचा पत्ता, सगळं. जुगार ठेवला आतल्या पानांवर, आणि बाहेरच्या लिंक नेमक्या त्याच पानांकडे येत होत्या. कोणी नुसतं मुखपृष्ठ उघडून पाहिलं असतं तर साइट पुन्हा सुरू झाली असंच वाटलं असतं.

म्हणून अशा लिंक सापडत नाहीत. संस्था आपल्या पानांवरच्या लिंक तपासतात तेव्हा यंत्र फक्त सर्व्हरचं उत्तर बघतं. मी नमुन्याच्या नावावर दाखवतो:

```
curl -sIL https://example.com/ | grep HTTP
HTTP/2 200
```

`200` म्हणजे पान मिळालं. पान काय आहे हे यात कुठेच नाही. लिंक मेली असती तर `404` आलं असतं किंवा सर्व्हरच सापडला नसता, आणि कोणीतरी ती काढून टाकली असती. माझ्या मते तुटलेली लिंक परवडली. ती निदान खोटं बोलत नाही.

मग ओळखायचं कसं? बरेच जण नोंदणीची तारीख बघतात आणि तिथेच फसतात. नाव पूर्ण सुटून पुन्हा नोंदलं गेलं असेल तर तारीख नवी दिसते. लिलावातून गेलं असेल तर नाव कधी पुसलंच जात नाही, त्यामुळे जुनीच तारीख राहते. आमच्याकडे तेच झालं होतं. मी वेबॅक मशीनच्या कॅलेंडरवर गेलो. चादरींची पानं, मग काही महिने रजिस्ट्रारचं ‘हे डोमेन विक्रीला आहे’ छापाचं पान, मग पुन्हा चादरी. मधली ती फट आणि त्याच सुमाराला बदललेले नेमसर्व्हर, एवढा पुरावा पुरेसा होता.

हे चाटी गल्लीपुरतं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली व्हिडिओ गेमसंबंधी एक निकाल दिला. त्यातल्या न्यायमूर्ती अलिटो यांच्या मताच्या तळटीपेत `ssnat.com` या साइटची लिंक आहे. पुढे ते नाव सुटलं, कोणा अनोळखी माणसाने घेतलं, आणि तिथे इंटरनेटवरचे दुवे किती क्षणभंगुर असतात याची टिंगल करणारा मजकूर लावला. हा माणूस सज्जन म्हणायचा, कारण तिथे तो काहीही लावू शकला असता. निकाल छापला गेला होता. तळटीप कोण बदलणार?

मालकांचा पुढचा प्रश्न होता, “नाव परत मिळेल का?” यूडीआरपी नावाची तक्रारीची पद्धत 1999 पासून आहे, `.in` साठी आपल्याकडे वेगळी आहे. पण ट्रेडमार्कवरचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही सिद्ध करावे लागतात, आणि डब्ल्यूआयपीओकडे नुसती फी 1,500 डॉलर. दुकानाच्या नावाची नोंदणीच केलेली नव्हती. त्यांनी हिशेब केला आणि विषय सोडला.

गुगलने मार्च 2024 मध्ये मुदत संपलेल्या डोमेनचा असा वापर स्पॅमच्या नियमांत घातला. पकडलं गेलं तर साइट शोधात खाली जाते. पण महाविद्यालयाच्या पानावरची लिंक गुगलला बदलता येत नाही. अशा लिंक काढायला आम्ही एकेका संस्थेला पत्र पाठवून सांगितलं. काहींनी त्याच दिवशी काढली, काहींनी उत्तरही दिलं नाही. वेबॅक मशीनवर दुकानाची खरी प्रत आहेच, म्हणून मी पत्रात तिचा पत्ताही दिला होता. दोन ठिकाणी जुन्या लिंकच्या जागी तोच लागला.

यात सगळ्यात धोक्याची गोष्ट वेगळीच. साधी लिंक कोणी दाबली तरच काम करते. पण जुन्या साइट्सवर पाहुणे मोजणारे काउंटर किंवा बातम्यांच्या पट्ट्या दुसऱ्याच्या डोमेनवरून `<script src="...">` असं लिहून आणलेल्या असतात. ते डोमेन परक्याच्या हाती गेलं, तर त्याचा कोड तुमच्या पानावर, तुमच्या पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये, काहीही न दाबता चालतो. असं काही तुमच्या साइटवर असेल तर लिंक तपासण्याआधी ते काढा.

आणि धंदा बंद करताना साइट खुशाल बंद करा, नाव मात्र सोडू नका. `.com` एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरून ठेवता येतं. सूचना स्वतःच्या ई-मेलवर घ्या, भाच्याच्या नाही.