अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती पत्र : तारीख, पदनाम व भाषा

सोलापुरातील धर्मादाय रुग्णालयांत काही वर्षे सेवा केल्यानंतर अनेक परिचारिका पुणे, हैदराबाद येथील रुग्णालयांत किंवा शासकीय सेवेत जातात. त्यांच्या हाती संस्थेने द्यावयाचे शेवटचे दोन कागद म्हणजे अनुभव प्रमाणपत्र आणि कार्यमुक्ती पत्र. हे कागद सदोष असतील तर केलेली सेवाही नव्या ठिकाणी हिशेबात धरली जात नाही. म्हणून ते कसे तयार करावेत, याची माहिती येथे देत आहोत.

दोन्ही कागदांचे काम वेगळे आहे. कोणी, कोणत्या पदावर, केव्हापासून केव्हापर्यंत काम केले हे अनुभव प्रमाणपत्र सांगते. राजीनामा मंजूर झाला असून आता या व्यक्तीवर संस्थेचा कोणताही कामाचा भार नाही, हे कार्यमुक्ती पत्र सांगते. दोहोंतील शेवटची तारीख मात्र एकच असली पाहिजे, आणि ती राजीनाम्याच्या अर्जाची नव्हे, तर सेवेच्या शेवटच्या दिवसाची असावी.

उदाहरणादाखल एक प्रकरण घेऊ. एक परिचारिका दि. १ ऑगस्ट २०२१ रोजी शिकाऊ म्हणून रुजू झाली. दि. २० जानेवारी २०२२ रोजी तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली व दि. १ फेब्रुवारीपासून तिला स्टाफ नर्स हे पद मिळाले. तिने दि. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राजीनामा दिला आणि एक महिन्याची पूर्वसूचना पाळून दि. ३१ ऑक्टोबर रोजी ती कार्यमुक्त झाली. तिची एकूण सेवा ३ वर्षे ३ महिने भरते. परंतु ‘स्टाफ नर्स म्हणून ३ वर्षे ३ महिने’ असे लिहिले, तर नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहणाऱ्याला पहिले महिने नोंदणीपूर्वीचे दिसतात आणि संपूर्ण कागदच संशयास्पद ठरतो. म्हणून शिकाऊ म्हणून ६ महिने व स्टाफ नर्स म्हणून २ वर्षे ९ महिने असे दोन टप्पे स्वतंत्रपणे लिहावेत.

या विभागणीचे महत्त्व भरतीच्या वेळी कळते. एम्सच्या ‘नॉरसेट’ परीक्षेसाठी जीएनएम पदविकाधारकाकडे किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील, पात्रता मिळविल्यानंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. वरील परिचारिका या अटीत बसते; पण प्रमाणपत्रात खाटांची संख्याच नसेल, तर ते तिने सिद्ध कशाने करावे? यास्तव खाटांची संख्या व कामाचा विभाग यांचा उल्लेख अवश्य असावा.

नावाबाबतही दक्षता हवी. मराठी, तेलुगू व कन्नड भाषक कुटुंबांच्या या शहरात आडनाव कोठे आधी, तर कोठे शेवटी लिहिले जाते. विवाहानंतर नावही बदलते. परिषदेच्या नोंदणीत असलेले नावच प्रमाणपत्रात घ्यावे आणि नोंदणी क्रमांक द्यावा. परप्रांतात जाणाऱ्यांस इंग्रजी प्रत द्यावी.

तिसरी जुळणी भविष्य निर्वाह निधीची. त्या खात्यात सेवा सोडल्याची जी तारीख संस्था नोंदविते, तीच प्रमाणपत्रावर हवी. अन्यथा जुनी व नवी सेवा एकमेकींवर चढलेली दिसते. ही तारीख सभासदास स्वतःही नोंदविता येते, परंतु शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबावे लागते.

आता भाषेविषयी. ‘काम बरे होते’ असे शब्द कौतुक म्हणून लिहिले, तरी वाचणारा ते नाराजी म्हणून वाचतो; अतिस्तुतीवर तर कोणी विश्वास ठेवीत नाही. मतभेद, येणे रक्कम किंवा राजीनाम्याचे कारण यांना या कागदात स्थान नाही. येणे रक्कम असल्यास तिचा पत्रव्यवहार स्वतंत्र करावा. चौकशी प्रलंबित असेल, तर ती संपण्यापूर्वी ‘वर्तणूक चांगली’ असे लिहू नये; परंतु सेवेच्या तारखा तेव्हाही खऱ्याच राहतात व त्या द्याव्यात. पुढील मजकूर पुरेसा आहे :

‘प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती (पूर्ण नाव), परिषद नोंदणी क्र. (…), या आमच्या (…) खाटांच्या रुग्णालयात दि. १ ऑगस्ट २०२१ ते ३१ जानेवारी २०२२ या काळात शिकाऊ परिचारिका आणि दि. १ फेब्रुवारी २०२२ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या काळात स्टाफ नर्स, (विभाग), या पदावर पूर्णवेळ कार्यरत होत्या.’

कार्यमुक्ती पत्रात एवढेच असावे : ‘आपला दि. ३० सप्टेंबर २०२४ चा राजीनामा स्वीकारण्यात आला असून आपणांस दि. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कामकाजाच्या वेळेनंतर सेवेतून कार्यमुक्त करण्यात येत आहे.’

दोन्ही कागद संस्थेच्या पत्रशीर्षावर असावेत. त्यांवर जावक क्रमांक, दिनांक, स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव व पदनाम, शिक्का आणि पडताळणीसाठी कार्यालयाचा दूरध्वनी असावा. कार्यालयीन प्रत सेवापुस्तिकेत जोडावी. कारण नव्या रुग्णालयाकडून विचारणा येते, तेव्हा उत्तर देणारा लिपिक बहुधा दुसराच असतो.